डायलिसिस युनिटचं बजेट: मागच्या वर्षावर टक्के चढवायचे की शून्यापासून मांडायचं?

प्रश्न: "मी मध्य मुंबईतल्या एका ट्रस्ट हॉस्पिटलच्या डायलिसिस युनिटची सिस्टर-इन्चार्ज आहे. दहा मशीन आहेत. दरवर्षी अकाउंट्सवाले मागच्या वर्षीच्या खर्चावर ८ टक्के चढवून बजेट देतात. यंदा नवीन विश्वस्तांनी सांगितलंय, झिरो-बेस करा, प्रत्येक रुपया शून्यापासून पटवून द्या. मला तर वाटतं हे आमचे पैसे कापायलाच आणलंय. खरंच शून्यापासून करायचं का? करायचं तर सुरुवात कुठून करू?"

सिस्टर, शून्यापासून करा, पण सगळ्या ओळी नाही. पगाराची ओळ शून्यापासून लिहिण्यात वेळ जाईल आणि हाती काही लागणार नाही. मशीनचे करार, आरओ प्लांट, चाचण्या आणि किरकोळ खर्च मात्र शून्यापासूनच मांडा, कारण मागच्या वर्षीचा आकडा तिथे हमखास फसवतो. आणि रक्त गाळणारा डायलायझर, ट्यूबिंग, सुया, सोल्यूशन या सेशनगणिक लागणाऱ्या मालाला तर दोन्ही पद्धती नकोत. तिथे सेशनची संख्या आणि एका सेशनचा खर्च यांचा गुणाकार हवा.

पैसे कापायला आणलंय का, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. पण नीट मांडलं तर याच कागदावर तुम्हाला जास्त पैसे मागता येतात. ते कसं, हे तुमच्यासारख्याच एका युनिटचा हिशेब मांडून दाखवतो. मी ट्रस्ट हॉस्पिटलांच्या कॉस्टिंगचं काम करतो, त्यामुळे आकड्यांची ठेवण ओळखीची आहे. दर मात्र उदाहरणासाठी गोल धरलेत. तुमच्या स्टोअरच्या बिलांवरून ते बदलून घ्या.

आधी रुग्ण मोजू. समजा तुमच्याकडे ४५ कायमचे रुग्ण आहेत. त्यातले ३० आठवड्यातून तीनदा येतात आणि १५ दोनदा. म्हणजे आठवड्याला १२० सेशन, वर्षाला ६,२४०. कोणी गावी जातं, कोणी वॉर्डात ॲडमिट होतं, कोणी दगावतं. त्यापोटी साधारण चार टक्के वजा केले की वर्षाला ६,००० सेशन उरतात. वेटिंग लिस्टवर आठ जण आहेत, प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा हवंय. त्यांना घेतलं तर तेच चार टक्के वजा करून आणखी ८०० सेशन, एकूण ६,८००.

जागा आहे का तेही लगेच तपासा. दहापैकी एक मशीन हेपटायटिस बीच्या रुग्णांसाठी राखीव आणि एक स्टँडबाय. उरली आठ. रुग्णांच्या तीन पाळ्या, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे १४४ जागा. आठ नवे रुग्ण घेतल्यावर आठवड्याला १३६ सेशन होतात. त्यातली हेपटायटिस बीच्या तीन रुग्णांची सहा राखीव मशीनवर जातात, म्हणजे १४४ पैकी १३० जागा भरतात. म्हणजे यंदा जमतं, पुढच्या वर्षी मात्र नवीन मशीनचा विषय निघेल. बजेटच्या पहिल्या पानावर पैशाआधी हा हिशेब यायला हवा. ८ टक्के चढवण्याच्या पद्धतीत रुग्णांची संख्या कुठेच लिहिलेली नसते आणि माझ्या मते तिचा सर्वांत मोठा दोष हाच आहे.

आता तीन स्तंभ शेजारी ठेवतो. पहिल्यात मागच्या वर्षीचा खर्च, दुसऱ्यात त्यावर ८ टक्के, तिसऱ्यात ६,८०० सेशन धरून नव्याने मांडलेला आकडा. सगळे आकडे लाख रुपयांत.

| बाब | मागचं वर्ष | ८ टक्के वाढ | नव्याने |
|---|---|---|---|
| पगार | ४५.० | ४८.६ | ४७.७ |
| सेशनचं साहित्य | ४२.० | ४५.४ | ४७.३ |
| मशीनचे देखभाल करार | ३.० | ३.२ | ४.० |
| आरओ प्लांट | ५.४ | ५.८ | २.६ |
| वीज आणि पाणी | ९.० | ९.७ | ९.८ |
| इतर | ४.६ | ५.० | ४.३ |
| एकूण | १०९.० | ११७.७ | ११५.७ |

एकूण बघितलं तर दोन लाखांचा फरक, म्हणजे फार नाही. विश्वस्त म्हणतील, एवढा खटाटोप दोन लाखांसाठी केला का? पण ओळींमध्ये बघा. आरओला ८ टक्केवाल्या बजेटात सव्वातीन लाख जास्त मिळालेत, साहित्याला जवळजवळ दोन लाख कमी मिळालेत आणि करारांनाही कमीच. बेरीज जुळली ती योगायोगाने.

आरओचं का झालं? मागच्या वर्षी मेंब्रेन आणि फिल्टर मीडिया बदलला, त्याला २.८ लाख लागले. हा दोन-तीन वर्षांतून एकदा येणारा खर्च. ८ टक्के चढवणाऱ्याला तो एकदाचा होता हे दिसतच नाही, म्हणून यंदा तो पुन्हा आला आणि वर व्याजासारखे ८ टक्केही घेऊन आला. करारांचं नेमकं उलट. चार मशीन वॉरंटीत होती, त्यामुळे मागच्या वर्षी पैसे फक्त सहा मशीनचे गेले, प्रत्येकी ५० हजार. वॉरंटी ३० सप्टेंबरला संपते. ऑक्टोबरपासून त्या चार मशीनचा अर्ध्या वर्षाचा करार द्यावा लागेल, म्हणजे एक लाख. मागच्या वर्षीच्या लेजरमध्ये या लाखाचा मागमूसही नाही. करारावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि रुग्णसेवा करमुक्त असल्यामुळे तो हॉस्पिटलला परत मिळत नाही. तेव्हा कंपनीचं कोटेशन करासहित धरा. ५० हजार मी करासहितच धरलेत.

या दोन ओळी शून्यापासून मांडायला अर्धा दिवस पुरतो. प्रत्येक मशीनचा सीरियल नंबर, बसवल्याची तारीख, वॉरंटी कधी संपते, कराराची रक्कम आणि त्यात सुटे भाग येतात की नाही, हे एका कागदावर घ्या. सुटे भाग नसलेला करार स्वस्त दिसतो. मग पंप किंवा पॉवर बोर्ड जातो आणि ते बिल 'इतर' खर्चात पडतं. मागच्या तीन वर्षांच्या 'इतर'मधून असे भाग शोधून काढा, मगच दोन्ही प्रकारच्या करारांची तुलना करा.

आता साहित्याकडे येऊ, कारण रुग्णाच्या अंगाशी जाणारी ओळ ही आहे. डायलायझर आणि ट्यूबिंगचा संच १,००० रुपयांचा धरू आणि तो धुऊन त्याच रुग्णासाठी सरासरी पाच वेळा वापरला जातो असं धरू. म्हणजे सेशनमागे २०० रुपये. फिस्टुलाच्या सुया, हेपॅरिन, ए आणि बी सोल्यूशन, सलाइन, ग्लोव्हज-ड्रेसिंग, जंतुनाशक हे सगळं मिळून ४६० रुपये. बेरीज ६६०. हेपटायटिस बीच्या रुग्णांचा डायलायझर पुन्हा वापरायचा नसतो. असे तीन रुग्ण, वर्षाला सुमारे ३०० सेशन, प्रत्येकी ८०० रुपये जास्त, म्हणजे २.४ लाख वेगळे. ६,८०० गुणिले ६६० अधिक हे २.४ लाख, मिळून ४७.३ लाख. यात भाववाढ एका पैशाचीही धरलेली नाही. रेट कॉन्ट्रॅक्ट मार्चनंतर बदलणार असेल तर तो वाढीव दर ६६० मध्ये घाला. सरसकट टक्के इथेही नकोत.

मागच्या वर्षीचा आकडा काढताना एक काळजी घ्या. खरेदीची बिलं म्हणजे वापर नव्हे. मार्चमध्ये बजेट संपवायचं म्हणून तीन महिन्यांचे डायलायझर आणून ठेवले असतील तर मागच्या वर्षाचा खर्च फुगलेला दिसेल. एप्रिलचा सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, वजा मार्चअखेरचा साठा, असा वापर काढा, त्यातून हेपटायटिसचे जादा २.४ लाख वजा करा आणि उरलेल्याला सेशनच्या संख्येने भागा. भागाकार ६६० च्या आसपास येत नसेल तर पुढे जाऊ नका. एक तर माल दुसऱ्या वॉर्डात जातोय, नाही तर पुनर्वापराची सरासरी कागदावर लिहिली तशी नाही.

८ टक्के चढवलेल्या बजेटात साहित्य १.९ लाखांनी कमी पडतं. मग प्रत्यक्षात काय होतं? रुग्णाला कोणी परत पाठवत नाही. सोल्यूशन कमी करता येत नाही, सुया कमी करता येत नाहीत. लवचीक असते ती एकच गोष्ट, संच किती वेळा वापरायचा. हिशेब करून बघा. ही १.९ लाखांची तूट फक्त संचांवर काढायची तर सरासरी वापर पाचवरून जवळजवळ सहावर जातो. तसा निर्णय डॉक्टरांनी घेतलेला नसतो, विश्वस्तांनी घेतलेला नसतो. स्टोअरकडून माल उशिरा येतो, टेक्निशियन आणखी एकदा चालवून घेतो आणि वर्षअखेर बजेटात बसतं. सगळे खूश. आरओच्या ओळीत पैसे पडून असतात, पण त्या खात्यातून डायलायझरची ऑर्डर निघत नाही, कारण सॉफ्टवेअर खातं बघून ऑर्डर अडवतं.

हे ओळखायचं साधन तुमच्याच हातात आहे. रीयूज रजिस्टर उघडा आणि प्रत्येक तिमाहीची सरासरी काढा. एप्रिल ते डिसेंबर पाच आणि जानेवारी ते मार्च साडेसहा असं दिसलं, तर तुमच्या बजेटची तूट रुग्ण भरून काढताहेत. दुसरी नोंद डायलायझरच्या आतल्या फायबर बंडलच्या आकारमानाची. धुतल्यानंतर ते मूळच्या ८० टक्क्यांखाली गेलं की डायलायझर टाकून द्यायचा, हा नियम तुम्हाला माहीत आहेच. शेवटच्या तिमाहीत टाकून दिलेल्यांचं प्रमाण घटलं असेल आणि वापराची सरासरी मात्र चढली असेल, तर मोजणी टाळली जातेय असंच समजा. बजेटच्या बैठकीत हे रजिस्टर घेऊन जा. विश्वस्तांपुढे ठेवण्यासारखा याहून भक्कम पुरावा नाही.

पगाराची ओळ मी टक्केवारीवर का सोडली, तेही सांगतो. माणसं कायम आहेत, वेतनकरार ठरलेला आहे, वाढ सहा टक्के. कंत्राटी सफाई आणि आया असतील तर किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो, तेवढा बघायचा. शून्यापासून लिहिलं म्हणून एप्रिलमध्ये कोणाला घरी पाठवणार नाहीच. तरीही डोकी किती हवीत हे एकदा मोजून ठेवणं बरं. रुग्णांच्या पाळ्या तीन असल्या तरी स्टाफच्या ड्यूट्या दोन, सकाळी ७ ते ३ आणि दुपारी १ ते ९. नऊ मशीन चालतात, तीन मशीनला एक टेक्निशियन धरला तर ड्यूटीला तीन, दिवसाला सहा. महिन्याचे कामाचे दिवस २६, रजा वगळून एक माणूस भरतो २३ दिवस. सहा गुणिले २६ भागिले २३, म्हणजे सात. एक माणूस रीप्रोसेसिंग आणि आरओला. झाले आठ. तुमच्याकडे आठच असतील तर हा परिच्छेद जोडा आणि विषय संपवा. दहा असतील तर मात्र विश्वस्त विचारायच्या आधी तुमच्याकडे उत्तर तयार हवं.

वीज-पाण्याच्या ओळीवर फार जीव काढू नका. बहुतेक जुन्या हॉस्पिटलांत मीटर इमारतीचा असतो आणि युनिटच्या माथी चौरस फुटांच्या हिशेबाने वाटा येतो. जी गोष्ट तुमच्या हातात नाही ती शून्यापासून पटवून देण्यात अर्थ नाही. पाणी मात्र बघा. मिनिटाला ५०० मिली डायलिसेट, चार तास, म्हणजे सेशनला १२० लिटर शुद्ध पाणी. आरओ निम्मं पाणी फेकत असेल तर कच्चं पाणी २४० लिटर. ६,८०० सेशनला सोळा लाख लिटरच्या वर. पाणीकपातीत टँकर मागवावा लागतो तेव्हा हा आकडा टोचतो. फेकलं जाणारं पाणी फ्लशच्या टाकीला जोडायचा प्रस्ताव सुटा ठेवा. तो भांडवली खर्च आहे, या बजेटात घुसडू नका.

इतक्या वेळ आपण फक्त आकडे सुधारले. झिरो-बेसचा खरा गाभा यापुढे आहे आणि बहुतेक ठिकाणी तोच गाळला जातो. ही पद्धत पीटर पिर यांनी १९७० च्या सुमारास टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत बसवली. मग जिमी कार्टर यांनी ती जॉर्जिया राज्यात आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर अमेरिकेच्या केंद्र सरकारात नेली. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारनेही १९८६-८७ साली शून्याधारित अर्थसंकल्प आणला. सरकारांत ती फार टिकली नाही, कारण कागदांचे ढीग झाले आणि ते वाचणारा कोणी नव्हता. पण त्यातली एक कल्पना मला आजही मोलाची वाटते. खातं एक आकडा मागत नाही. ते सेवेचे टप्पे मांडतं आणि प्रत्येक टप्प्यासमोर किंमत लिहितं. या टप्प्याला पॅकेज म्हणतात. वरचे पैसा देणारे लोक टप्पे क्रमाने लावतात आणि पैसे संपतील तिथे रेघ ओढतात. रेघेखाली काय राहिलं हे सगळ्यांना माहीत असतं.

तुमच्या युनिटची पॅकेजेस मी अशी मांडीन.

पहिलं, आत्ताचे ४५ रुग्ण, ६,००० सेशन, आत्ताच्याच दर्जाने. खर्च १०९.६ लाख. पुस्तकात सांगतात की पहिलं पॅकेज चालू खर्चाच्या खाली हवं. डायलिसिसमध्ये मी ते मानत नाही. तीनदा येणाऱ्याला दोनदा बोलावणं हा बजेटचा निर्णय नाही, तो नेफ्रॉलॉजिस्टचा आहे. तेव्हा इथे किमान म्हणजे यादीतल्या रुग्णांची ठरलेली सेशन, आणि त्यासोबत पाण्याच्या कल्चर व एंडोटॉक्सिनच्या नियमित चाचण्या. हा खर्च रेघेखाली जाऊच शकत नाही, म्हणून पहिल्यातच.

दुसरं, वेटिंगवरचे आठ रुग्ण, ८०० सेशन. इथे थोडं थांबा. यासाठी नवा माणूस लागत नाही, कारण पाळ्या तशाही चालू आहेत, फक्त रिकाम्या खुर्च्या भरतात. नवं मशीन लागत नाही. करार बदलत नाही. लागतं ते साहित्य ५.२८ लाखांचं, वीज-पाणी ६० हजारांचं आणि धुलाई, जैववैद्यकीय कचरा वगैरे २० हजारांचं. एकूण ६.०८ लाख, म्हणजे सेशनला ७६० रुपये.

मागच्या वर्षी तुमचं सेशन सरासरी १,८१७ रुपयांना पडलं. कोणी विश्वस्तांना विचारलं असतं, आठ गरीब रुग्ण घेऊ का, तर त्यांनी ८०० ला १,८१७ ने गुणून साडेचौदा लाख ऐकले असते आणि नाही म्हटलं असतं. खरी किंमत सहा लाख आहे. ते घेतल्यावर सगळ्यांची सरासरीच १,७०१ वर येते. मागच्या वर्षावर टक्के चढवणाऱ्या बजेटात हा आकडा कधीच वर येत नाही. तुमचं हॉस्पिटल धर्मादाय नोंदणीचं असेल तर निर्धन रुग्णांसाठी एकूण बिलाच्या दोन टक्के निधी बाजूला काढावा लागतोच आणि दहा टक्के खाटा निर्धनांना, दहा टक्के दुर्बल घटकांना. वेटिंगवरच्या आठांपैकी किती जण त्यात बसतात आणि किती जण महात्मा फुले जन आरोग्य योजनेत, हे समाजसेवा विभागाकडून लिहून घ्या आणि दुसऱ्या पॅकेजला जोडा. ७६० च्या समोर किती जमा होईल हे दिसलं की हे पॅकेज अडत नाही.

मर्यादाही सांगायला हवी. हे ७६० फक्त रिकाम्या जागा आहेत तोवर खरे. १४४ भरल्या की पुढच्या एका रुग्णासाठी मशीन, करार, कदाचित माणूसही लागेल आणि आकडा एकदम उडी मारेल. पॅकेजमध्ये हे एका वाक्यात लिहाच, नाही तर पुढच्या वर्षी कोणीतरी ७६० धरून बसेल.

तिसरं पॅकेज आरओच्या मेंब्रेनसाठी वर्षाला एक लाख बाजूला ठेवण्याचं. याने बेरीज ११६.७ होते. चौथं, संचाची सरासरी पाचवरून चारवर आणण्याचं. संच पाचऐवजी चारदाच वापरला तर सेशनला ५० रुपये वाढतात, हेपटायटिसची ३०० सोडून उरलेल्या ६,५०० सेशनला ३.२५ लाख. पुनर्वापर पूर्ण बंद करायचा तर तोच हिशेब ५२ लाखांवर जातो. तोही आकडा खाली लिहून ठेवा, म्हणजे कोणी उत्साहाने बोललं तर किंमत समोर असेल. चारही पॅकेज धरून बेरीज ११९.९ होते, म्हणजे ८ टक्केवाल्या बजेटापेक्षा दोन लाख वीस हजार जास्त. विश्वस्तांना आता नेमका प्रश्न आहे. आठ रुग्ण, आरओची तरतूद आणि डायलायझर कमी वेळा वापरणं, यातलं काय घेता आणि काय सोडता? चौथं पॅकेज डॉक्टरांच्या सहीने जाऊ द्या. ते तुम्ही किंवा अकाउंट्सने सुचवायचं नाही.

बिघडतं कुठे, तेही बघू. सर्रास होतं ते असं की फॉर्म झिरो-बेसचा भरतात आणि आत मागचाच आकडा पाठीमागून बसवतात. हे पकडायला प्रत्येक ओळीचा नवा आकडा जुन्याने भागायचा. सगळे भागाकार १.०५ ते १.१० च्या मध्ये आले तर कोणी शून्यापासून काहीच केलेलं नाही. खऱ्या कामात एखादी ओळ निम्म्यावर येते, एखादी एक तृतीयांशाने वाढते, जशी वरच्या तक्त्यात आरओची आणि करारांची झाली. दुसरी खूण म्हणजे नगांचा आणि दरांचा स्तंभच नसणं. फक्त रुपये दिसले तर कागद परत पाठवावा.

तिसरी गोष्ट खातेप्रमुख जाणूनबुजून करतात. जे कापणं कोणालाच शक्य नाही ते शेवटच्या पॅकेजमध्ये ठेवायचं आणि स्वतःच्या आवडीचा खर्च पहिल्यात लपवायचा. म्हणजे सगळंच मंजूर. विश्वस्त अनुभवी असतील तर ते बरोबर ओळखतात आणि मग तुमच्या पुढच्या प्रत्येक कागदावर संशय घेतात. सिस्टर, तुमचा पहिलाच कागद आहे. त्यात पाण्याच्या चाचण्या चौथ्या क्रमांकावर टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

आणि एप्रिलनंतरचा भाग. मंजूर झालेले ४७.३ लाख बारांनी भागून महिन्याची मर्यादा लावली की सगळं मुसळ केरात. सरासरी महिना ५६७ सेशनचा. जूनमध्ये ६२० झाली आणि हेपटायटिसचे जादा पैसे सोडून साहित्य ४.१५ लाखांचं लागलं, तर अकाउंट्स म्हणेल ४१ हजार जास्त. पण ६२० सेशनला ६६० ने परवानगी ४.०९ लाखांची होते. खरी वाढ सहा हजारांची, तेवढ्याचंच स्पष्टीकरण मागावं. बाकीचे ३५ हजार म्हणजे जास्त रुग्णांना दिलेली सेवा. मंजुरीच्या पत्रातच "साहित्याची मर्यादा प्रत्यक्ष सेशनच्या संख्येप्रमाणे" हे वाक्य घालून घ्या. नंतर मिळत नाही.

शाळेत काम करणाऱ्या कोणाला हेच वापरायचं असेल तर एवढंच सांगतो की तिथे पगाराचा वाटा खूप मोठा असतो आणि अनुदानित शाळेत तो शासनाकडून येतो. त्यामुळे शून्यापासून मांडण्याजोगं उरतं ते वेतनेतर खर्चात: प्रयोगशाळा, संगणक कक्षाचे करार, छपाई, स्नेहसंमेलन. सेशनच्या जागी विद्यार्थी किंवा तुकडी धरायची. पण पॅकेजेसची मजा तिथे कमी, कारण एक विद्यार्थी वाढल्याने फारसं हलत नाही, तुकडी वाढली की मात्र सगळंच हलतं.

हे दरवर्षी करायचं का? नाही. एवढ्या कामाला तुमचे आणि स्टोअरचे मिळून सहा ते आठ आठवडे जातात, रोजचं काम सांभाळून. हॉस्पिटलने दरवर्षी दोन-तीन खाती घ्यावीत आणि प्रत्येक खात्याची पाळी चार-पाच वर्षांनी यावी. मधल्या वर्षांत करारांचा कागद आणि सेशनचा गुणाकार तेवढा अद्ययावत करायचा, बाकी ओळींना टक्के पुरेत. मशीन बदललं, योजनेचे दर बदलले किंवा पुनर्वापराचं धोरण बदललं, तर मात्र पाळीची वाट न बघता नव्याने मांडा.

सार्वजनिक न्यासाला आपलं अंदाजपत्रक वर्ष सुरू होण्याच्या किमान महिनाभर आधी धर्मादाय आयुक्तांकडे द्यावं लागतं, म्हणजे एप्रिलच्या वर्षासाठी फेब्रुवारीअखेर. मागे मोजत या. जानेवारीच्या मध्यात विश्वस्तांची बैठक, डिसेंबरअखेर पॅकेजेस लिहून तयार, नोव्हेंबरमध्ये साठा, रीयूज रजिस्टर आणि करारांचे कागद. या आठवड्यात स्टोअरकडून एवढंच मागा: १ एप्रिलचा साठा, तेव्हापासूनची खरेदी आणि आजचा साठा, फक्त डायलायझर आणि ट्यूबिंगचा. आजवरच्या सेशननी भागून सेशनमागे किती रुपये येतात ते बघा. २०० च्या जवळ आले तर पुढचं काम सरळ आहे. तीन रुग्णांचे एकदाच वापरायचे संच त्यातून वगळायला मात्र विसरू नका, नाही तर आकडा ४० रुपयांनी जास्त दिसेल आणि तुम्ही नसलेली गळती शोधत बसाल.